बाबांच्या मृत्युपत्रात आईला 'तहहयात' हक्क, आता घर विकायचंय. तिची एकटीची सही चालेल का?

मंजिरी_सातारा
नमस्कार. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

साताऱ्यात सदर बझारात आमचं घर आहे. बाबांनी १९८४ मध्ये स्वतःच्या पगारातून प्लॉट घेऊन बांधलेलं. ते २०११ मध्ये गेले. त्यांनी नोंदणीकृत मृत्युपत्र केलं होतं. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: "सदर घरात माझी पत्नी हिने तहहयात राहावे, भाडे आल्यास ते तिने घ्यावे. परंतु तिला सदर घर विकण्याचा, गहाण टाकण्याचा वा बक्षीस देण्याचा अधिकार राहणार नाही. तिच्या पश्चात सदर घर माझ्या अपत्यांना समसमान मिळावे."

आई आता ७४ वर्षांची आहे. गुडघे गेलेत, न्हाणीघर मागच्या अंगणात, वरचा मजला पाच वर्षं बंद. तिला पुण्यात माझ्या जवळ तळमजल्यावरचा फ्लॅट हवाय. घराला ९० लाखांचं गिऱ्हाईक आलं, एक लाख विसारही घेतला. मिळकत पत्रिकेवर आईचं एकटीचं नाव असल्याने आम्ही निर्धास्त होतो. पण घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलांनी मृत्युपत्राची प्रत मागितली आणि फाईल परत पाठवली. म्हणाले, "बाईंना विकायचा अधिकारच नाही."

मी आणि अमेरिकेतला धाकटा भाऊ, दोघांचीही हरकत नाही. आईने सही केली आणि आम्ही संमती दिली तर पुरेल ना?

हेमंत_टी
ताई, वकील तुम्हाला घाबरवतायत. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १४ वाचा. हिंदू स्त्रीकडे असलेली मर्यादित मालकी या कायद्याने पूर्ण मालकी झाली. सुप्रीम कोर्टाचा १९७७ चा तुलसम्मा खटला आहे. आई पूर्ण मालक. मुलांच्या सह्यांचीसुद्धा गरज नाही. दुसरी बँक बघा.

झणझणीत
हेमंतराव, तुमचा सल्ला ऐकून घर घेणारा सापडला तर कळवा. माझाही एक विहिरीतला प्लॉट विकायचाय.

शशांक_कोथरूड
आमच्याकडे वडिलांनी सोसायटीत आईचं नॉमिनेशन केलं होतं. शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालं, तिने फ्लॅट विकला, कोणी काही विचारलं नाही. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा.

मंजिरी_सातारा
शशांक, सोसायटी नाहीये हो, स्वतंत्र घर आहे. सेक्रेटरी म्हणजे आमचा मोती. दारात बसून सगळ्यांवर भुंकतो.

कायदेबाई
हेमंत, तुम्ही अर्धंच कलम वाचलंत. १४ ला दोन पोटकलमं आहेत. तुम्ही सांगताय ते पहिलं. दुसरं म्हणतं की मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हुकूमनामा अशा दस्ताने स्त्रीला मालमत्ता मिळाली आणि त्याच दस्ताने हक्क मर्यादित ठेवला, तर तो मर्यादितच राहतो. मंजिरीच्या बाबांनी नेमकं तेच केलंय.

तुलसम्मा प्रकरण वेगळं होतं. त्या बाईचा पोटगीचा हक्क आधीपासूनचा होता आणि दिराबरोबरच्या तडजोडीत, त्या हक्कापोटी तिला मालमत्ता मिळाली होती. कोर्ट म्हणालं, हिला नवीन काही दिलं नाही, जे होतं त्याचीच ही भरपाई, म्हणून पहिलं पोटकलम. स्वकष्टार्जित घर नवऱ्याने मृत्युपत्राने दिलं तर काय, हे २००६ च्या साधू सिंग निकालात आलं. पंजाबातल्या एका नवऱ्याने बायकोला हयातीपुरतं आणि पुढे पुतण्यांना असं लिहिलं होतं. बायकोने मालमत्ता गुरुद्वाराला बक्षीस दिली. पुतण्या भांडला आणि जिंकला. २०२२ मध्ये जोगी राम प्रकरणातही कोर्ट दुसऱ्याच पोटकलमाच्या बाजूने गेलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा विषय मिटलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी म्हटलं की आपल्याच निकालांत दोन प्रवाह आहेत, मोठ्या पीठाने एकदा ठरवावं. म्हणजे हेमंतच्या म्हणण्याला आधारच नाही असं नाही. पण त्या आशेवर कोणती बँक ९० लाखांच्या घरावर कर्ज देईल?

हेमंत_टी
दुसरं पोटकलम बघितलं. मान्य. पण बायकोला पोटगीचा हक्क असतोच ना? मग मृत्युपत्राने दिलेलं घरही त्यापोटीच दिलं असं का नाही म्हणायचं?

कायदेबाई
हाच तर तो वाद आहे. म्हणायचं की नाही म्हणायचं, यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षं वकिलांची मुलं शिकली.

निवृत्त_दस्तलेखक
मंजिरीताई, मिळकत पत्रिकेवरच्या नावाचं सांगतो. नगर भूमापनला मृत्यूचा दाखला आणि अर्ज गेला की ते कब्जा कोणाचा ते बघून नाव चढवतात. कारकून मृत्युपत्राचा अर्थ लावत बसत नाही. नोंदीने मालकी येत नाही आणि जातही नाही. तुमच्या पत्रिकेवर फेरफाराच्या रकान्यात 'मृत्युपत्रान्वये' असा शब्द असणार. वकिलाचा डोळा तिथेच अडकला असेल.

दुसरं, तुम्ही 'संमती' म्हणालात. तो शब्द दस्तात कुठे बसतो ते महत्त्वाचं. खरेदीखतात तीन बाजू असतात: लिहून घेणार, लिहून देणार आणि कधी कधी मान्यता देणार. बहुतेक जण आईला लिहून देणार करतात आणि मुलांना शेवटच्या पानावर मान्यता देणार म्हणून बसवतात. पुढे वाद झाला की मुलगा म्हणतो, मी फक्त आईने विकावं याला हो म्हणालो, माझा हिस्सा मी कुठे विकला? म्हणून तुम्ही सगळे लिहून देणार व्हा. दस्तात स्पष्ट लिहा की लिहून देणार क्रमांक १ आपला तहहयात उपभोगाचा हक्क आणि बाकीचे लिहून देणार तिच्या पश्चातचा मालकी हक्क असे मिळून संपूर्ण मिळकत विकत आहेत. दोन तुकडे एकत्र आले की घर पूर्ण होतं. एकाने जरी सही केली नाही तर घेणाऱ्याकडे तेवढं भोक राहतं.

झणझणीत
एक बाळबोध प्रश्न. मृत्युपत्र आहे हे माहीत कोणाला आहे? ते चुलीत गेलं तर आई आणि मुलं सरळ वारस, सगळे सह्या करा, मोकळे व्हा.

निवृत्त_दस्तलेखक
नोंदणीकृत आहे म्हणतात ना त्या. दुय्यम निबंधकाकडे प्रत आहे, चूल पेटवून काय उपयोग?

कायदेबाई
आणि लबाडीने मृत्युपत्र नष्ट करणं किंवा दडवणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही होऊ शकते. झणझणीत, तुमच्या विहिरीतल्या प्लॉटवर आता लक्ष ठेवायला हवं.

रेवा_नाशिक
मी दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगते, घेणाऱ्याची. माझ्या सासऱ्यांनी १९९६ मध्ये अशाच एका बाईंकडून घर घेतलं. स्वस्त मिळालं म्हणून खूष होते. बाई एकट्याच राहायच्या, मुलगे परगावी. मृत्युपत्राचं कोणी बोललंच नाही. बाई २००९ मध्ये वारल्या आणि २०१७ मध्ये मुलांनी ताब्यासाठी दावा लावला. सासरे म्हणाले, एकवीस वर्षं राहतोय, बारा वर्षांत घर आमचं झालं. आमचा वकील मान हलवत म्हणाला, काका, तुमची बारा वर्षं बाईंच्या मृत्यूपासून मोजायची, खरेदीपासून नाही. बाई असेपर्यंत मुलांना ताबा मागायचा हक्कच नव्हता, मग मुदत कशी सुरू होणार? शेवटी २०२१ मध्ये पैसे देऊन तडजोड केली. जेवढ्याला घर घेतलं होतं त्याच्या अनेक पट.

तेव्हा मंजिरी, तुमचं गिऱ्हाईक घाबरलंय ते योग्यच आहे.

गोंयकार_मडगांव
आमच्याकडे हा प्रश्न वेगळाच आहे. गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. अर्धं घर बायकोचं आधीपासूनच. नवरा मृत्युपत्र करतो ते फक्त आपल्या अर्ध्याचं, त्यातही मुलांचा ठरलेला भाग त्याला काढून घेता येत नाही. विधवेला 'हयातीपुरतं राहा' म्हणायला तिचं घर हे त्याचं थोडंच आहे?

हेमंत_टी
मंजिरीताई, घर पणजीला हलवता येईल का?

नाना_कऱ्हाडकर
मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. मला वेगळी काळजी वाटते. सह्या होतील, घर विकेल. मग ९० लाख कोणाचे? आईचे मुळीच नाहीत असंही नाही आणि सगळे तिचे असंही नाही. हे आधी कागदावर आणा.

एक पद्धत अशी. ९० लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६ लाख ३० हजार येतील. आई आणखी बारा वर्षं आहेत असं धरू (देव करो नि वीस असोत). बारा वर्षांच्या त्या व्याजाची आजची किंमत साधारण ५० लाख. उरलेले ४० मुलांचे. म्हणजे आईचा हक्क निम्म्याहून जास्त.

रेवा_नाशिक
नाना, पण घराचा उपभोग म्हणजे व्याज नव्हे, भाडं. साताऱ्यात त्या घराला महिना २० हजार मिळाले तरी खूप. वर्षाला २ लाख ४० हजार. त्याच बारा वर्षांची आजची किंमत १९ लाख होते. ५० आणि १९ यात केवढा फरक!

नाना_कऱ्हाडकर
बरोबर पकडलंत. घराचं भाडं कमी असतं कारण किंमत वाढत असते, आणि ती वाढ मुलांच्या पदरात पडते. व्याजाच्या हिशोबात वाढ आईकडे जाते. दोन्ही टोकं आहेत. खरा आकडा मध्ये कुठेतरी, आणि तो गणिताने नाही, बैठकीत ठरतो. फक्त बैठक साठेखताच्या आधी बसवा. पैसे खात्यात आल्यावर बसवली तर चहाही कडू लागतो.

मंजिरी_सातारा
एवढी मदत! सगळ्यांचे आभार. दस्तलेखक काका, तुम्ही म्हणालात तस्सं आहे, पत्रिकेवर 'मृत्युपत्रान्वये वारस' असं लिहिलंय.

पैशांचं असं ठरतंय: ५५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा, आई त्यात राहील, बाकीचे तिच्या नावाने ठेव. तिच्यानंतर मी आणि भाऊ अर्धं-अर्धं.

कायदेबाई
मंजिरी, एक विचारायचं राहिलं. अपत्यं दोनच आहेत का? मृत्युपत्रात 'अपत्यांना' म्हटलंय. आणि वाक्य तिथेच संपतं, की पुढे 'त्या वेळी जी हयात असतील' असं काही आहे?

मंजिरी_सातारा
तीन होतो. दादा २०१९ मध्ये गेला. वहिनी कोल्हापूरला असते, शाळेत शिक्षिका आहे. पुतणी पंधरा वर्षांची. दादा आईच्या आधी गेला म्हणून त्याचा प्रश्न येणार नाही असं भाऊ म्हणतो. चुलतभावाने शनिवारी मृत्युपत्राचं दुसरं पान फोटो काढून पाठवलं. पुढे 'हयात' वगैरे काही नाही. वाक्य 'समसमान मिळावे' वर संपतं, खाली बाबांची सही, दोन साक्षीदार, आणि दुय्यम निबंधकाचा गोल शिक्का अर्धा पुसलेला.

कायदेबाई
मग भावाचं म्हणणं चूक आहे. बाबा २०११ मध्ये गेले त्याच दिवशी तिन्ही मुलांचा हक्क पक्का झाला, फक्त ताबा आईच्या नंतर. दादाचा तिसरा हिस्सा दादाचाच होता, तो त्याच्या वारसांना गेला. 'जी हयात असतील' असं असतं तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा आईच्या आधी गेलेल्याला काहीच मिळालं नसतं. एका शब्दाचा खेळ आहे, म्हणून विचारलं.

आता दादाचे वारस कोण? त्याने मृत्युपत्र केलं नसेल तर वहिनी, पुतणी आणि तुमची आई, तिघी सारख्याच. आई मुलाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत असते. म्हणजे दादाच्या एक-तृतीयांशाचे तीन भाग, प्रत्येकी एक-नवमांश. गंमत बघा, ज्या आईला घर विकायला मनाई आहे, ती त्याच घराच्या एक-नवमांशाची पूर्ण मालक आहे, मुलाकडून आलेल्या हिश्श्याची.

झणझणीत
बाबांनी दारातून काढलेला हक्क दादाने खिडकीतून आत आणून ठेवला.

निवृत्त_दस्तलेखक
आणि पुतणी अज्ञान आहे. वहिनी तिच्या वतीने सही करू शकतात, पण त्याआधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती नसताना केलेला दस्त मुलीला सज्ञान झाल्यावर रद्द करून घेता येतो, आणि बँक त्याला हात लावणार नाही. अर्जात मुलीचा फायदा काय ते दाखवावं लागतं, म्हणजे शिक्षण, पडीक घर, चांगली किंमत वगैरे. बहुतेक वेळा कोर्ट तिचा हिस्सा तिच्या नावाने ठेवीत ठेवायला सांगतं, अठरा पूर्ण होईपर्यंत.

अमेरिकेतल्या भावाला कुलमुखत्यारपत्र द्यावं लागेल. तिकडे नोटरी आणि अपॉस्टिल करून इकडे मुद्रांक भरून घ्या. त्याच्या वाट्यावर घेणाऱ्याला नेहमीचा एक टक्का कर कापून चालत नाही, परदेशस्थांचा दर वेगळा आणि बराच जास्त. हे साठेखतात आधीच लिहा, नाहीतर शेवटच्या दिवशी निबंधकाच्या दारात भांडण होतं. मी अशी दोन पाहिलीत, त्यातलं एक बंद छत्रीने.

मंजिरी_सातारा
मला खरंच वाटलं नव्हतं. आम्ही वहिनीला काही सांगितलंसुद्धा नव्हतं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. ती सही करायला आली की तिला जेवायला ठेवून घ्यायचं होतं मी." म्हणजे तिला आधीपासून वाटत होतं की वहिनी लागणार.

भाऊ चिडलाय. म्हणतोय, बाबांनी आम्हा मुलांसाठी ठेवलं, सुनेसाठी नाही.

शशांक_कोथरूड
भावाला सांगा, बाबांनी लिहिताना दादा जिवंत होता.

हेमंत_टी
आणि पुतणी बाबांची नात आहे. मी कायद्यात पडत नाही आता.

नाना_कऱ्हाडकर
पण मग ५५ लाखांच्या फ्लॅटचा हिशोब बदलतो. फ्लॅट आईच्या एकट्या नावाने घेतला तर तिच्या मागे तो तुम्हा सगळ्यांना नव्या हिश्श्याने जाईल, आणि पुतणीचे कोर्टातले पैसे त्यात घालता येणार नाहीत. मुलीचा एक-नवमांश बाजूला काढा. तोही सगळ्या ९० लाखांचा नव्हे, आईचा उपभोग वजा करून. आता तो आकडा कोर्टाला दाखवायचाय, तेव्हा बैठक उरकून चालणार नाही, लेखी मूल्यांकन करून घ्या.

रेवा_नाशिक
विसाराचं काय? साठेखत झालंय का?

मंजिरी_सातारा
नाही, फक्त पावती. घेणाऱ्यांना खरं सांगितलं. ते सहा महिने थांबायला तयार आहेत, पण कोर्टाला जास्त लागले तर किंमत पुन्हा बोलू म्हणाले. पुतणी अठराची व्हायला अजून दोन वर्षं आठ महिने आहेत. आई तेवढं थांबू नकोस म्हणते.

वहिनीशी काल फोनवर बोलले. एवढंच म्हणाली, "कागद पाठव, मी माझ्या वकिलाला दाखवते." राग नव्हता. पण 'माझ्या वकिलाला' म्हणाली ना, ते ऐकून पोटात गोळा आला.

कायदेबाई
त्यात वाईट काही नाही, उलट चांगलं. तिच्या बाजूने वेगळा वकील असला की कोर्टाला अर्ज बघायला सोपं जातं. मूल्यांकनाची प्रत तिलाही द्या. आणि मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलाय का ते पहिल्या पानावर बघा, असेल आणि हयात असेल तर त्याचीही सही घ्या.

मंजिरी_सातारा
नेमलाय. बाबांचे मित्र. ८१ वर्षांचे, साताऱ्यातच असतात. उद्या फोन करते. ऐकू कमी येतं त्यांना, बहुतेक जावंच लागेल.